जुनी किल्ली मोडायची कधी? आमच्या ऑफिसातल्या किल्लीबदलाचा अनुभव

गडहिंग्लजच्या एका पतसंस्थेत डिसेंबर २०२३ मध्ये ऑडिट सुरू होतं. सॉफ्टवेअर आमचं, म्हणून मला बोलावलेलं. सभासदांचे आधार, पॅन, सह्यांचे नमुने असे सगळे स्कॅन आमच्या सर्व्हरवर एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात, हे मी ऑडिटरना अभिमानानं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किल्ली शेवटची कधी बदललीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१६ साली बनवलेली एकच एईएस किल्ली `application.properties` मध्ये लिहिलेली होती आणि तीन सर्व्हरांवर तीच फाइल होती. मधल्या काळात आमच्याकडची चार मुलं पुण्याला नोकरीला गेली. त्यांच्या लॅपटॉपवर ती फाइल कधी ना कधी होतीच. कोणी वाईट वागलं असं मी म्हणत नाही, पण ती कुठे कुठे आहे हे सांगता येत नाही अशी किल्ली गुपित राहिलेली नसते. कोल्हापूरला परतताना गाडीत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

(ऑफिसात आम्ही सगळे 'की' म्हणतो. मराठीत त्या 'की'नं वाक्याचा घोळ होतो म्हणून इथे किल्लीच म्हणतो.)

मालकांनी एचएसएम घ्यायला होकार दिला. एचएसएम म्हणजे किल्ल्या आतच तयार करणारं आणि आतच वापरणारं बंदिस्त यंत्र. फोडायचा प्रयत्न झाला तर ते आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. माझा पहिला बेत सोपा होता: जुनी किल्ली फाइलमधून काढायची आणि एचएसएममध्ये घालायची. डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्या ताईंनी तो तालमीतच मोडून काढला. त्यांनी चाचणीच्या सॉफ्टएचएसएमवर, म्हणजे एचएसएमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दोन किल्ल्या ठेवल्या, एक बाहेरून घातलेली आणि एक आतच बनवलेली, आणि यादी काढली:

```
pkcs11-tool --module /usr/lib/softhsm/libsofthsm2.so \
  --login --list-objects --type secrkey
```

आत बनवलेल्या किल्लीखाली ही ओळ आली:

```
Access:     sensitive, always sensitive, never extractable, local
```

बाहेरून घातलेल्या किल्लीखाली `always sensitive` नव्हतं, `never extractable` नव्हतं आणि `local` ही नव्हतं. ताई म्हणाल्या, "यंत्रालाही कळतंय बघा, ही आधी बाहेर होती. तिजोरीत आज ठेवली म्हणून काल घेतलेल्या नकला परत येतात होय?" मुद्दा तिथेच संपला. नवी किल्ली आतच जन्माला घालायची आणि सगळे कागद नव्यानं एन्क्रिप्ट करायचे असं ठरलं.

कागद होते चाळीस लाखांच्या आसपास, एकूण सव्वा टीबी. ते एचएसएममधून एकेक करून काढणं शक्य नव्हतं. ते यंत्र लहान गोष्टी सुरक्षितपणे करण्यासाठी असतं, ढिगानं डेटा दळण्यासाठी नव्हे. म्हणून एन्व्हलप एन्क्रिप्शन. ही पद्धत मी एका शाखाधिकाऱ्यांना समजावत होतो, तेव्हा त्यांनीच मला ती जास्त चांगली समजावली. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या स्ट्राँगरूमसारखंच की. कपाटांच्या किल्ल्या एका पेटीत, आणि पेटीची किल्ली मॅनेजर-कॅशियरकडे. पेटीचं कुलूप बदललं तर कपाटं उपसायला लागत नाहीत."

अगदी तसंच. प्रत्येक संस्थेसाठी दर महिन्याची एक डेटा-किल्ली. त्या महिन्याचे कागद तिनं एईएस-२५६-जीसीएमनं बंद करायचे. ती डेटा-किल्ली एचएसएममधल्या मुख्य किल्लीनं बंद करून `wrapped_dek` या टेबलात ठेवायची, सोबत कोणत्या मुख्य किल्लीनं बंद केली त्याचं नाव. उघडी डेटा-किल्ली डिस्कवर कधीच लिहायची नाही. ॲप सर्व्हर कागद उघडायच्या वेळी बंद डेटा-किल्ली एचएसएमकडे पाठवतो, उघडून घेतो आणि दहा मिनिटं मेमरीत ठेवतो. म्हणजे सर्व्हरवर ताबा मिळवणाऱ्याला त्या क्षणी मेमरीत असलेल्या डेटा-किल्ल्या मिळू शकतात आणि तो एचएसएमला आणखी उघडून मागूही शकतो. हा धोका एचएसएमनं जात नाही. पण मुख्य किल्ली घेऊन कोणी घरी जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक मागणीची नोंद एचएसएमच्या लॉगमध्ये राहते.

जुना सगळा डेटा बदलायला अकरा रात्री गेल्या. एन्क्रिप्शनला फार वेळ लागत नाही, वेळ खाल्ला तो पडताळणीनं. दिवसा शाखांचं काम चालू, म्हणून रात्री दहा ते पहाटे पाच एवढीच मुभा. प्रत्येक कागद नव्या किल्लीनं बंद केल्यावर पुन्हा उघडून मूळ कागदाशी हॅश जुळतोय का ते बघायचं, आणि मगच जुनी प्रत काढायची. ही पायरी गाळली असती तर चार रात्रींत झालं असतं, पण लोकांच्या सह्यांचे नमुने आहेत ते.

मुख्य किल्लीचा बॅकअप हा वेगळाच विषय निघाला. `never extractable` किल्ली उघडी बाहेर येत नाही, पण यंत्र जळालं तर काय? आमच्या एचएसएममध्ये किल्लीचा बॅकअप बंद स्वरूपात निघतो आणि तो उघडायला पाचपैकी तीन स्मार्टकार्डं लागतात. पाच माणसं निवडणं सोपं होतं, ती कुठे राहतात यावर मात्र वाद झाला. पहिल्या यादीत तीन कार्डं कोल्हापुरात आणि दोन पुण्यात होती, आणि दुसरं एचएसएम पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. ज्या दिवशी कोल्हापूरचं यंत्र पाण्याखाली जाईल आणि सगळी भिस्त पुण्याच्या एकट्या यंत्रावर येईल, त्याच दिवशी कोल्हापूरची कार्डं पुण्याला पोचणार नाहीत. म्हणून उलटं केलं: तीन पुण्यात, दोन इथे. पुण्यातलं एक कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये, दोन सह्यांशिवाय न उघडणाऱ्या. लॉकर रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मिळत नाही, हेही आम्ही कागदावर लिहून ठेवलंय.

पुण्यात किल्ली बसल्यावर दोन्हीकडची किल्ली एकच आहे हे ती न उघडता तपासायचं होतं. त्यासाठी सगळ्या शून्यांचा एक ब्लॉक त्या किल्लीनं एन्क्रिप्ट करतात आणि पहिले तीन बाइट बघतात. ताई फोनवर ती सहा अक्षरं एकेक करून वाचत होत्या आणि मी कागदावर टिकमार्क करत होतो. सहावं जुळलं तेव्हा दोघंही क्षणभर गप्प झालो.

खरी परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये आली, पहिल्या किल्लीबदलाला. मुख्य किल्ली `kek-2024` ऐवजी `kek-2025`. डेटा-किल्ल्या होत्या ५,६१२. एकेका बंद डेटा-किल्लीचे ६० बाइट: ३२ किल्लीचे, १२ आयव्हीचे, १६ टॅगचे. म्हणजे बदलायचं होतं ते जेमतेम तीन लाख सदतीस हजार बाइट, मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा कमी. जुन्या मुख्य किल्लीनं उघडायचं, नव्या मुख्य किल्लीनं बंद करायचं. दोन मिनिटं लागली. सव्वा टीबीला हातही लावला नाही.

```
SELECT kek_id, COUNT(*) FROM wrapped_dek GROUP BY kek_id;
```

उत्तरात एकच ओळ: `kek-2025`, 5612. आता जुनी किल्ली नष्ट करायला हरकत नाही असं माझं मत होतं. ताई म्हणाल्या, "आधी नुसती बंद ठेवू." म्हणून एचएसएममध्ये `kek-2024` चा `CKA_DECRYPT` हा गुणधर्म खोटा केला. किल्ली आत होती, पण तिनं काही उघडत नव्हतं.

मे महिन्यात एका शाखेतून फोन आला. क्लार्ककडून एका सभासदाचे कागद चुकून काढले गेले होते. आम्ही ३१ मार्चचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उभा केला, कागद मागितला, आणि लॉगमध्ये आलं `CKR_KEY_FUNCTION_NOT_PERMITTED`. कारण डोळ्यांसमोर होतं, तरी समजायला मला पाच मिनिटं लागली. मार्चच्या बॅकअपमध्ये `wrapped_dek` टेबलही मार्चचंच होतं, म्हणजे `kek-2024` नं बंद केलेलं. आज चालू असलेल्या डेटाबेसमध्ये जुन्या किल्लीचं नाव उरलेलं नाही, एवढंच माझ्या क्वेरीनं सांगितलं होतं. बॅकअपांबद्दल तिला काही माहीत नव्हतं. किल्ली नष्ट केली असती तर महिनाअखेरचे सगळे जुने बॅकअप, जे आम्ही सात वर्षं ठेवतो, स्वतःच्या टेबलानं कधीच उघडले नसते.

जुनी किल्ली पुन्हा चालू करून कागद परत दिला. पण मग प्रत्येक जुनी मुख्य किल्ली सात वर्षं सांभाळायची का? तसं केलं तर बदलण्याचा अर्थच जातो. तोडगा सापडला तो एन्व्हलपच्या रचनेतच. मुख्य किल्ली बदलली तरी डेटा-किल्ली तीच राहते. मग मार्चचे कागद उघडायला मार्चचं टेबल कशाला, आजचं टेबल चालतं! आता बॅकअप उभा करताना कागद त्या तारखेचे आणि `wrapped_dek` आजचं, असा नियम केला. त्या टेबलातली ओळ कधीही पुसायची नाही, आणि त्याचा स्वतंत्र बॅकअप फक्त ३५ दिवस ठेवायचा.

याची मर्यादाही त्याच कारणातून येते. डेटा-किल्लीच कोणाच्या हाती लागली तर मुख्य किल्ली बदलून उपयोग शून्य. तिचे सगळे कागद नव्यानं बंद करावे लागतात, आणि जुन्या बॅकअपमधले कागद तरीही त्या फुटलेल्या किल्लीनं उघडतात. दर महिन्याला वेगळी डेटा-किल्ली ठेवली ती त्यासाठीच. नुकसान झालं तर एका संस्थेच्या एका महिन्यापुरतं.

त्यानंतर `kek-2024` पुन्हा बंद करून नव्वद दिवस थांबलो. रोज सकाळी एचएसएमच्या लॉगमध्ये तिच्या नावाची मागणी शोधायची. पहिल्याच आठवड्यात रोज पहाटे २:१० ला एक फसलेली मागणी दिसू लागली. शोधल्यावर कळलं, रिपोर्टच्या एका जुन्या मशीनवर कोणीतरी टेबलाची स्वतंत्र नक्कल करून ठेवली होती. ती काढली. मग वेगवेगळ्या महिन्यांचे बारा बॅकअप आजच्या टेबलासह उभे करून प्रत्येकातले काही कागद उघडून पाहिले. सगळे उघडले.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघांनी मिळून `kek-2024` नष्ट केली, कोल्हापूरच्या यंत्रातून, पुण्याच्या यंत्रातून आणि बॅकअपमधूनही. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजला फोन करून तारीख कळवली. ऑडिटरांच्या त्या प्रश्नासमोरची जागा संस्थेच्या फाइलमध्ये तोवर रिकामीच होती.