हिशेब जुळतो, तरी पोरं म्हणतात पैसे गेले

लातूरच्या क्लासेसच्या भागातली एक अभ्यासिका. तळघरात जिन्याखाली बिस्किट-चिप्सचं व्हेंडिंग मशीन. नाणी-नोटांचा खटका नाही, फक्त पडद्यावर येणारा क्यूआर. मालकाचा फोन आला तो तक्रारीपेक्षा सफाई देण्याचाच जास्त होता. पोरं म्हणतात पैसे कटले, माल पडला नाही. पण रोजची विक्री आणि खात्यातली जमा रुपयाला रुपया जुळते, म्हणजे पोरंच खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. रात्रपाळीचे वॉचमन मामा मात्र वेगळंच सांगत होते. "साहेब, मशीन कधी पैसे गिळायली, कधी फुकट वाटायली."

दोन्ही माणसं खरं बोलत होती.

अशा मशीनमध्ये नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण दोष त्या साखळीतच होता. पोरगा २४ नंबर दाबतो. मशीनमधलं कार्ड सिमच्या नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतं, की २४ नंबरचा २० रुपयांचा पुडा हवाय. सर्व्हर त्या एका विक्रीपुरता क्यूआर बनवून पाठवतो. त्याच्या पोटात अशी ओळ असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Snacks&tr=M07240418&am=20.00&cu=INR
```

यातलं `am` म्हणजे रक्कम आणि `tr` म्हणजे त्या विक्रीचा संदर्भ क्रमांक. पानटपरीवरच्या छापील स्टिकरमध्ये सहसा या दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून ते स्टिकर मशीनवर चिकटवून भागत नाही. पैसे कुठल्या पुड्याचे, हे मशीनला कळणार कसं?

पिन टाकला की पैसे बँकांमधून जातात. मशीनचा त्या व्यवहाराशी थेट संबंधच नसतो. पेमेंट कंपनी सर्व्हरला सांगते, `tr` अमुकचे पैसे आले. सर्व्हर तो निरोप मशीनला पाठवतो, तेव्हा कुठं २४ नंबरची स्प्रिंग एक फेरा फिरते आणि पुडा खाली पडतो. पैसे आल्याची खबर मशीनला अशी फिरून मिळते, आणि तिचा शेवटचा टप्पा तळघरातल्या सिमवर असतो.

माल न पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुडा स्प्रिंगमध्ये अडकणं. ते ओळखू येतं. मोटारीचा घुर्र आवाज होतो, खालच्या खणातल्या इन्फ्रारेड किरणासमोरून काहीच जात नाही आणि नोंदीत 'फिरली, पडलं नाही' असं राहतं. इथं पोरं सांगत होती की मोटार फिरलीच नाही. मशीनच्या नोंदीतही त्या वेळेला काहीच नव्हतं.

मग एका तक्रारदार पोराच्या मोबाइलमधून बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर घेतला. त्यावरून सर्व्हरवर `tr` सापडला आणि सर्व्हर व मशीन यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. रात्री १०:४२:०५ ला क्यूआर दिसला. १०:४२:२१ ला पैसे गेले. १०:४२:२३ ला सर्व्हरला खबर मिळाली आणि त्यानं लगेच निरोप सोडला. पण मशीनचं नेटवर्क त्या अर्ध्या मिनिटातच तुटलं होतं. नव्वद सेकंदांनी पडदा आपोआप मूळ पानावर गेला. पोरगा थोडा थांबला, मशीनवर दोन थापा मारल्या, वर निघून गेला. १०:५१:४० ला नेटवर्क परत जोडलं गेलं, साठून राहिलेला निरोप मशीनला पोचला, आणि समोर कुणी असो-नसो, २४ नंबरची स्प्रिंग फिरली. पुढं आलेल्या पोराला पुडा आयता मिळाला.

एकाचं गिळलं, दुसऱ्याला वाटलं. विक्री एक, जमा एक. हिशेब चोख जुळणारच! अशा मशीनचा रोजचा ताळा कधीच पुरावा मानू नये. पैसे आल्याची वेळ आणि मोटार फिरल्याची वेळ यांतलं अंतर बघावं. ते पाच-सात सेकंदांच्या पुढं जायला लागलं की दुखणं सुरू झालं समजावं.

सर्व्हरला मशीन बंद असल्याचं कळलं का नाही? निरोप एमक्यूटीटी या पद्धतीनं जात होते. तिथं मशीन ठरावीक वेळानं 'मी जागी आहे' असं कळवतं. ही वेळ ६० सेकंद ठेवलेली असेल, तर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद काहीच आलं नाही, की मगच ते तुटलं असं धरलं जातं. तोवर सर्व्हरच्या लेखी मशीन ठणठणीत. त्यातून निरोप हरवू नये म्हणून तो साठवून ठेवायची सोय चालू होती. तापमानाची नोंद पाठवायला ही सोय उत्तम. माल टाकण्याच्या हुकमाला घातक.

आधी नेटवर्क बघितलं. मॉडेमला `AT+CSQ` विचारलं की ० ते ३१ मधला आकडा येतो, जितका मोठा तितका सिग्नल चांगला. इथं ७ आला, म्हणजे सुमारे -९९ डीबीएम, अगदीच क्षीण. अँटेना मशीनच्या पत्र्याच्या आत, मशीन तळघरात. तीन मीटर केबलचा बाहेरचा अँटेना झरोक्याच्या लोखंडी जाळीला चुंबकानं चिकटवला, आकडा १९ झाला. तक्रारी यानंच बऱ्याच कमी झाल्या असत्या, पण मुळातला दोष तसाच राहिला असता.

म्हणून निरोप साठवणं बंद केलं. आता मशीन कुठलाही 'पैसे आले' निरोप आला की आधी त्याचा `tr` पडद्यावरच्या चालू क्यूआरशी ताडून बघतं. जुळला नाही तर मोटारीला हात लावत नाही. मधेच नेटवर्क तुटून परत आलं आणि क्यूआर अजून पडद्यावर असेल, तर मशीन स्वतःहून सर्व्हरला विचारतं, की या `tr` चे पैसे आले का. क्यूआरचा फोटो काढून खोलीवर जाऊन पैसे भरणारेही असतात; त्यांचा `tr` तोवर बाद झालेला असतो, त्यांना पैसे परत.

परताव्यावरून मालकाशी थोडी वादावादी झाली. "पाच दिवसांत बँक आपोआप देते की," असं त्यांचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा तो नियम आहे खरा, पण पैसे कटले आणि दुकानदाराला खात्री मिळालीच नाही, अशा व्यवहारासाठी. इथं बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालाय, पैसे मालकाच्या नावावर जमा आहेत. बँक काय म्हणून उलटवेल? परतावा दुकानदाराच्याच बाजूनं, त्याच `tr` वर टाकावा लागतो.

तो आपोआप टाकायची सोय केली, पण किती वेळानं हा प्रश्न नाजूक आहे. पुडा पडला आणि 'पडला' ही पोच पाठवतानाच नेटवर्क गेलं, तर घाईनं पैसे परत केल्यास मालकाचा पुडा फुकट जातो. त्यामुळे मशीन पोच आधी स्वतःच्या मेमरीत लिहितं, वीज गेली तरी ती पुसत नाही, आणि जोडणी आली की पाठवतं. सर्व्हर दहा मिनिटं वाट बघतो. पोच आली नाही तर परतावा. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नेटवर्क गेलं तर क्वचित एखादा पुडा मालकाच्या अंगावर पडेल. तो त्यांनी सोसायचा असं ठरलं. पडद्यावरही आता ओळ येते: 'माल पडला नाही तर पैसे परत येतील, पुन्हा स्कॅन करू नका.' कारण पुडा पडंना म्हणून पोरं दुसऱ्यांदा पैसे भरायची, आणि मग तक्रार वीसची नाही, चाळीसची व्हायची.