तीन मिनिटे आणि घरटी दोन पुस्तके

आमच्या रत्नागिरीतील चाळीस सदनिकांच्या सोसायटीत सामायिक वाचनालय सुरू करण्यास समितीने मान्यता दिली, ती एका अटीवर. पुस्तके विकत घेण्यासाठी सोसायटीच्या निधीतून पैसा मिळणार नव्हता. ती सभासदांकडून मिळवायची होती आणि त्यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी उभे राहून आवाहन करायचे होते. कल्पना माझी असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. अशा आवाहनात काय मागावे आणि काय मागू नये, हे ठरविण्यातच माझा बहुतेक वेळ गेला. भाषण लिहिणे त्यामानाने सोपे होते.

सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून ती निघण्यापूर्वीच मी सेक्रेटरींना पत्र देऊन हा विषय विषयपत्रिकेत घालून घेतला. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय सभेच्या शेवटी घेतले जातात आणि तोपर्यंत निम्मी मंडळी चपला शोधू लागलेली असतात. पार्किंगच्या विषयानंतर बोलणेही निरर्थक ठरले असते, कारण त्या विषयावर आमच्याकडे दरवर्षी भांडण होते आणि नंतर कोणी कोणाला काही देण्याच्या मनःस्थितीत नसतो. हिशेबाला मंजुरी मिळाल्यावर आणि पार्किंगच्या आधी, अशी जागा मी मागून घेतली. वेळ तीन मिनिटांचा मिळाला. सावकाश, समोरच्यांना कळेल अशा गतीने बोलले तर तेवढ्या वेळात साधारण साडेतीनशे शब्द बसतात, त्यामुळे प्रत्येक वाक्याला आपली जागा सिद्ध करणे भाग होते.

किती पुस्तके मागायची, हा पहिला प्रश्न कपाटाने सोडवला. एका सभासदांनी दिलेल्या लोखंडी कपाटात चार कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा सुमारे तीन फूट रुंद आहे. मध्यम जाडीची पुस्तके थोडी सैल उभी ठेवली तर एका कप्प्यात पस्तीसेक मावतात, म्हणजे पूर्ण कपाटात एकशेचाळीस. घरटी दोन पुस्तके मागितली तर ऐंशी होतात आणि पुढच्या वाढीला जागा उरते. घरटी दहा मागितली तर चारशे होतात आणि उरलेले गठ्ठे जिन्याखाली जातात. सैल ठेवण्याचा आग्रह हौसेखातर नव्हता. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, बुरशीला मात्र साधारण सत्तर टक्केही पुरतात. घट्ट कोंबलेल्या पुस्तकांमध्ये हवा खेळत नाही आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटाची पाठ ओल धरते. म्हणून आम्ही कपाट पहिल्या मजल्यावरील सभागृहात, आतल्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवले. खाऱ्या हवेने धरलेला गंज पुस्तकांना लागू नये म्हणून ते आधी घासून रंगवूनही घेतले.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. सभा सप्टेंबरच्या अखेरीस होती आणि त्यानंतर दसरा-दिवाळीची साफसफाई येणार होती. याच दिवसांत घराघरांतून पुस्तके रद्दीवाल्याकडे जातात, म्हणजे मागण्यासाठी याहून चांगला काळ नाही. पण नेमक्या याच कारणामुळे वाचनालयाची रद्दीची वखार होण्याची भीतीही तेव्हाच सर्वांत जास्त असते. ‘घरात नको असलेली पुस्तके द्या’ असे म्हटले की जुनी क्रमिक पुस्तके, मुदत संपलेली स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि बँकेच्या डायऱ्या येतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक असे आहे की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. माझ्या भाषणाचा कणा मी त्यावर उभा केला: देणाऱ्यानेच पुस्तकासोबत एका चिठ्ठीवर लिहायचे, की हे कोणी वाचावे असे त्याला वाटते. ज्याच्यासाठी असे एक वाक्यही सुचत नाही, ते पुस्तक आपोआप घरी राहते.

गणसंख्या न भरल्यामुळे सभा तहकूब होऊन नोटिशीत लिहिल्याप्रमाणे अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली आणि हिशेबानंतर मी पुढीलप्रमाणे बोललो.

“अध्यक्ष महोदय, समिती सदस्य आणि सभासद बंधुभगिनींनो, मी आपली तीन मिनिटे घेणार आहे आणि प्रत्येक घराकडे दोन पुस्तके मागणार आहे. पैसे मागणार नाही.

“पहिल्या मजल्यावरील सभागृहात आपण एक कपाट ठेवले आहे. दोनच पुस्तके मागण्याचे कारण असे, की त्या कपाटात तेवढीच नीट राहतील. ही दोन पुस्तके आपण स्वतः वाचलेली आणि शेजाऱ्याने वाचावीत असे वाटणारी असावीत. मराठी, इंग्रजी, हिंदी, कोणतीही भाषा चालेल. मुलांची पुस्तके अवश्य द्या. दिवाळी अंक गेल्या दोन वर्षांतील असतील तर द्या. क्रमिक पुस्तके, मार्गदर्शके आणि सुटी मासिके मात्र आम्हाला घेता येणार नाहीत.

“पुस्तक देण्यापूर्वी ते उघडून वास घ्या. कुबट वास आला, पानांवर पांढरी किंवा हिरवट लव दिसली किंवा बांधणीजवळ कसरीने कुरतडलेले आढळले, तर ते देऊ नका. एका पुस्तकाची बुरशी शेजारच्या दहांना लागते. केवळ पाने पिवळी पडली असतील तर काही हरकत नाही.

“प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आपले नाव, सदनिका क्रमांक आणि हे पुस्तक कोणाला आवडेल, याविषयी एक वाक्य लिहा. ही चिठ्ठी आम्ही पुस्तकाच्या आत चिकटवणार आहोत.

“दिलेले पुस्तक सोसायटीचे होईल आणि ते परत मिळणार नाही. म्हणून ज्याच्यात आपला जीव गुंतला आहे ते कृपया देऊ नका. पुस्तक हरवले तर कोणाकडूनही दंड घेतला जाणार नाही. फक्त नोंदवहीत तशी नोंद होईल.

“कोणी म्हणेल, १८२८ पासून चालत आलेले वाचनालय ज्या शहरात आहे, तिथे हे कपाट कशाला? मी स्वतः त्या वाचनालयाचा सभासद आहे आणि राहणार आहे. पण जुलैच्या पावसात आपल्या इमारतीतील आजी-आजोबांना तिथवर जाता येत नाही. त्यांना जिना उतरून पहिल्या मजल्यावर येता येते.

“दसऱ्यानंतरच्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही सभागृहात बसू. घरची साफसफाई काढण्याआधी आपली दोन पुस्तके बाजूला ठेवावीत, एवढीच विनंती. धन्यवाद.”

टाळ्या जेमतेम झाल्या, पण प्रश्न आले आणि ते मला टाळ्यांपेक्षा उपयोगी वाटले. एका काकांनी विचारले, दंड नाही तर लोक पुस्तके परत का आणतील? मी म्हटले, दंड लावला तर तो वसूल कोण करणार आणि दहा रुपयांसाठी शेजाऱ्याशी तोंड कोण वाजवणार, हे आधी ठरवावे लागेल. पार्किंगचा विषय पुढे असल्यामुळे हा मुद्दा सर्वांना लगेच पटला. डांबराच्या गोळ्या टाकल्या की बुरशी लागत नाही, असे एकांचे मत होते. त्या गोळ्यांनी किडी काही प्रमाणात दूर राहतात, ओल मात्र शोषली जात नाही, आणि मुलांचा हात पोहोचेल अशा कपाटात त्या ठेवणेही बरे नव्हे, असे मी सांगितले. पाऊस उघडलेल्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडी ठेवण्याचे काम दोघा सभासदांनी तिथेच स्वीकारले आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली.

भाषणातील एका वाक्याने मात्र अडचण उभी केली. तिसऱ्या मजल्यावरील काकू सभेनंतर थांबल्या. त्यांच्या यजमानांचा पुस्तकसंग्रह घरात तसाच होता, दोन कपाटे भरून, आणि मुलगा पुण्याला असल्यामुळे तो पुढे वाचणारे घरात कोणी नव्हते. त्यांना सगळीच पुस्तके द्यायची होती आणि मी सर्वांसमोर दोनचीच मर्यादा घातली होती. त्यांच्यासाठी नियम मोडला असता तर पुढच्या रविवारी इतरांचे गठ्ठे नाकारण्याचा अधिकार आमच्याकडे उरला नसता. आणि खरे सांगायचे तर त्या संग्रहातील बरीच जुनी, संदर्भासाठीची पुस्तके आमच्या कपाटात कोणी उघडलीही नसती. मी त्यांना सुचवले की आधी पुस्तकांची यादी करू, दोन पुस्तके त्यांनी इथे द्यावीत, आणि उरलेल्यांपैकी जी शहरातील वाचनालयाच्या कामाची असतील त्यांच्याविषयी यादी घेऊन तिथे विचारू; न विचारता पोती नेऊन टाकली तर मोठ्या वाचनालयालाही ती ओझेच होतात. यादी करायला त्यांच्याबरोबर बारावीतील एक मुलगी बसली. काकूंनी निवडलेल्या दोन पुस्तकांपैकी एकातील चिठ्ठीवर लिहिले होते, “ज्याला रात्री झोप येत नाही त्याच्यासाठी.” ते पुस्तक पहिल्याच आठवड्यात बाहेर गेले.

ठरलेल्या रविवारी अपेक्षेप्रमाणे सगळ्या घरांतून पुस्तके आली नाहीत, पण कपाटाचे दोन कप्पे भरले. आलेले प्रत्येक पुस्तक आम्ही थेट कपाटात न ठेवता दोन आठवडे वेगळ्या खोक्यात, खाली पांढरा कागद पसरून ठेवले. कागदावर भुगा पडला तर आत कीड जिवंत आहे हे कळते, आणि अशी तीन पुस्तके त्यातून वेगळी निघाली. देणाऱ्यांना ती परत करताना ज्याला कागदावरचा भुगा दाखवला, त्याने मुळीच वाईट वाटून घेतले नाही. चिठ्ठी नसलेली पुस्तके आम्ही घेतली नाहीत. त्यांतील बहुतेकांच्या मालकांनी टेबलापाशीच उभे राहून चिठ्ठी लिहिली, आणि दोघे-तिघे आपले गठ्ठे उचलून घरी घेऊन गेले. मार्गदर्शके सोसायटीच्या फाटकापर्यंत आलीच. त्यांचे मालक शोधत न बसता आम्ही ती रद्दीवाल्याला दिली आणि आलेल्या पैशांतून नोंदवही, डिंक आणि खाकी कागद घेतला.