सावली कुणाची हे नाही, हात कुणाचा हे बघा

दिशांच्या प्रकरणात वळणं, अंतरं वगैरे मला चार दिवसांत जमलं. सावलीच्या एका प्रश्नाने मात्र तीन आठवडे छळलं. कारण होतं शिकवणीत पाठ करायला दिलेला तक्ता: सकाळी सावली डावीकडे तर तोंड उत्तरेला, उजवीकडे तर दक्षिणेला, संध्याकाळी उलट. तक्ता बरोबरच आहे. पण तो नेमका कुणाला लावायचा, हे कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

प्रश्न असा: सूर्योदयानंतर मीना आणि सुनील समोरासमोर उभे राहून बोलत होते. मीनाची सावली सुनीलच्या बरोबर उजव्या हाताला पडली. मीनाचं तोंड कुठल्या दिशेला?

सकाळ, उजवीकडे, म्हणून मी दक्षिण लिहिलं. उत्तरसूचीत होतं उत्तर. छपाईची चूक असेल म्हणून पुढे गेले. पुढच्या सरावसंचात तसाच प्रश्न आला आणि पुन्हा गुण गेला, तेव्हा वही उघडून बसले.

आकृती काढतानाही आधी फसलेच. मी माणूस समोरून काढला, डोळे-तोंडासकट. असा काढला की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो आणि सगळा घोळ होतो. मग वरून दिसेल तसा काढला: एक गोल आणि तोंड असेल तिकडे नाकाचं टोक. कागदाची वरची बाजू उत्तर धरली. सकाळ आहे, म्हणून सूर्य उजव्या कडेला आणि सावलीचा बाण डाव्या कडेला, म्हणजे पश्चिमेला. मीनाची सावली असो की सुनीलची, दोन्ही तिकडेच जाणार. आता पश्चिम सुनीलच्या उजव्या हाताला यायची तर त्याचं नाक खाली, दक्षिणेकडे हवं. मीना त्याच्यासमोर, म्हणजे तिचं नाक वर. उत्तर!

तक्ता ज्याचा हात सांगितलाय त्याची दिशा देतो. सावली कुणाची आहे याने काहीच बदलत नाही. ‘कुणाच्या’ हाताला, या शब्दाखाली मी तेव्हापासून रेघ ओढते, आणि विचारलेला माणूस समोरचा असेल तर शेवटी दिशा उलटवते. त्यानंतर असा एकही प्रश्न चुकला नाही.

हो, त्याही आधी वेळ बघायची, हे राहिलंच. संध्याकाळ असेल तर बाण पूर्वेला. सावली समोर पडली तर पाठ सूर्याकडे, म्हणजे सूर्यास्ताला तोंड पूर्वेला. तिथे डावं-उजवं लागतच नाही.

आणि खात्री करायला सकाळी उन्हात उभ्या राहणार असाल तर सावली थोडी तिरकी दिसेल, घाबरू नका. सूर्य अगदी नेमका पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारासच. प्रश्नात मात्र तो रोज तिथेच असतो.