वय नको, वजन सांगा

«काका, पोरगं दोन वर्षांचं आहे म्हणून सांगितलं की. मग वजन कशाला विचारताय?»

मंगळवार पेठेत आमचं मेडिकल आहे. पावसाळा लागला की तापाचं औषध मागायला रात्री दहापर्यंत आया येत असतात. मागच्या जुलैत कळंब्याहून एक ताई आल्या, पोर कडेवर, अंग तापलेलं, सकाळपासून दोन घास पोटात नाहीत. त्यांच्या मोबाइलवर लंडनच्या नणंदेनं पाठवलेला तक्ता होता: दोन ते तीन वर्षं, साडेसात मिली, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. तक्ता खोटा नव्हता. तिकडे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेलं सिरप मिळतं, म्हणजे एका वेळी १८० मिलिग्रॅम.

मी त्यांना पोरासकट काट्यावर उभं केलं. ६१.४ किलो. मग पोर आमच्या पोऱ्याकडे दिलं आणि एकट्यांना उभं केलं. ५२.३. म्हणजे बाळ ९.१ किलोचं. दोन वर्षांचा मुलगा साधारण १२ किलोचा असतो. हा बारीकच होता.

आता हिशोब बघा. पॅरासिटामॉलचा एक डोस दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असावा. या पोराला १८० दिले तर किलोमागे जवळजवळ २० होतात. चारही वेळा दिले तर दिवसाचे ७२० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ७९. आम्ही ६० च्या वर जाऊ देत नाही. औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला निकामी करतं. न जेवणाऱ्या, अशक्त पोरात हा साठा आधीच कमी असतो. वर पहिल्या दिवशी बाहेरून काहीच दिसत नाही, दिसली तर थोडी उलटी, जी तापातही होतेच. त्यामुळे चूक झाली हे आईच्या ध्यानात येत नाही. जास्त गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

वयात अडचण काय, तर दोन वर्षांची निरोगी पोरंसुद्धा ९ किलोपासून १५ किलोपर्यंत असतात. सुरक्षित डोसची दोन टोकं मात्र १० आणि १५, म्हणजे दीडपटीचाच फरक. ९ आणि १५ मधला फरक दीडपटीपेक्षा जास्त आहे. तेव्हा सगळ्या दोन वर्षांच्या पोरांना बसेल असा एक आकडा काढताच येत नाही, कितीही डोकं चालवलं तरी.

वजनाचे गट मात्र या दीडपटीतच पाडता येतात. आमच्या भिंतीवर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेला तक्ता आहे. ८ ते १२ किलोच्या आत १२० मिलिग्रॅम: आठ किलोच्या पोराला किलोमागे १५ पडतात, बाराच्या जवळच्याला १०. तिथून १६ किलोपर्यंत १८०. गटात कुठलंही पोर धरा, मर्यादेबाहेर जात नाही. दर पोराचा वेगळा गुणाकार का नाही करत, असंही विचारतात. रात्री दोन वाजता, पोर रडत असताना, आईनं गुणाकार करायचा आणि दशांश चिन्ह सरकलं की दहापट. क्षयरोगाची सरकारी औषधंही पोरांना ४ ते ७, ८ ते ११, १२ ते १५ किलो अशा गटांनीच देतात.

वजन ताजं हवं. अंगणवाडीच्या कार्डावरचं सहा महिन्यांपूर्वीचं वजन चालत नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर तक्ता बघायचाच नाही, सरळ डॉक्टर. तिथं वय मोठं, वजन नव्हे. फार लठ्ठ पोरांचंही डॉक्टरांनाच विचारावं, नुसत्या किलोंच्या मागे लागलं तर डोस फुगतो.

एक सांगायचं राहिलं, बाटली. मिली म्हणजे औषध नव्हे. आपल्याकडे ५ मिलीत १२०, १२५ आणि २५० अशी सिरपं मिळतात, आणि थेंबांत तर एका मिलीत १००. मी एकदा फोनवर नुसतं ‘पाच मिली द्या’ म्हणालो, घरात निघालं २५० चं. नशीब, त्यांनी द्यायच्या आधी परत विचारलं. तेव्हापासून बाटलीवरचा आकडा वाचून दाखवल्याशिवाय मी मिली सांगत नाही.

त्या ताईंना १२० ची बाटली दिली, ५ मिलीची खूण पेनानं मापाच्या टोपणावर केली. किलोमागे १३ झाले. दोन दिवसांनी त्या पोर घेऊन आल्या, ताप उतरलेला. म्हणाल्या, ‘काका, नणंदेच्या पोराचं वजन विचारलं. तेरा किलो.’ मी मनात भागाकार केला, १८० भागिले १३. चौदाच्या आत. नणंदेचं काही चुकलं नव्हतं. तो तक्ता तिच्या पोराला बरोबर बसत होता.