मोतीला संध्याकाळी खुणा का कळेनात

काकूंची तक्रार एका वाक्याची होती: "ताई, मोती हल्ली मुद्दाम ऐकत नाही." मोती जन्मापासून बहिरा आहे, त्यामुळे 'ऐकत नाही' म्हणजे खुणा पाळत नाही. कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम, आणि त्यातही बहिरी, आंधळी कुत्री माझ्याकडे जास्त येतात. बहिरा कुत्रा 'हट्टी झाला' असं कुणी म्हटलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: कधी? दिवसाच्या कोणत्या वेळी आणि घरात कुठे उभा असताना?

काकूंनी थोडा विचार केला. सकाळी फिरताना अगदी शहाण्यासारखा वागतो, म्हणाल्या. दुपारीही बरा असतो. संध्याकाळी मात्र बोळातून 'ये' म्हणून कितीही हात हलवला तरी बघत उभा राहतो. त्यातच आदल्या आठवड्यात घराला रंग दिला, सोफा या भिंतीवरून त्या भिंतीला गेला, आणि मोती त्याच्यावर आपटू लागला. झोपलेला असताना नातवाने पाठीवर हात ठेवला, तर वळून दात लावले. रक्त आलं नाही, पण घर हादरलं होतं.

मी दुपारी गेले आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं ठरवलं. असा कुत्रा फक्त उजेडात पाहून काही कळत नाही.

मोती सात वर्षांचा, पांढराशुभ्र. पांढऱ्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणा जास्त आढळतो, कारण ज्या रंगपेशींमुळे केसांना रंग येतो त्यांची गरज कानाच्या आतल्या भागालाही असते. त्या नसल्या तर पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच ऐकण्याच्या पेशी मरतात. काकूंनी त्याला लहानपणापासून खुणांवर वाढवलं होतं आणि फार सुरेख वाढवलं होतं. तळहात वर नेला की बस, आडवा खाली नेला की झोप, दोन्ही हात छातीशी आणले की ये, अंगठा वर केला की शाब्बास. खिडकीशी भरपूर उजेडात मी एकेक खूण करून पाहिली. हात मुद्दाम रिकामा ठेवला, कारण हातात खाऊ असला तर कुत्रा वासावर बसतो आणि आपल्याला वाटतं खूण दिसली. मोतीने सगळं बरोबर केलं.

मग मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे उजेड माझ्या मागून येईल आणि हात काळा दिसेल. तीच खूण, तेवढंच अंतर. मोती माझ्याकडे पाहत होता, शेपूट हलत होती, पण बसला नाही. मी बाजूला सरकून हात पांढऱ्या भिंतीसमोर आणला. लगेच बसला. हट्टाला उजेडाची दिशा कळत नाही. मला शंका आली ती इथेच.

संध्याकाळी बोळातला दिवा न लावता तेच केलं, तर एकही खूण पोचली नाही. दिवा माझ्या हातावर पडेल असा धरला, तर पोचली. मग कापसाचा बोळा त्याच्या डोळ्यांसमोर उंचावरून सोडला. कापूस यासाठी घेतात की त्याला आवाज नाही, वारा नाही आणि फारसा वासही नाही. दुपारी त्याने पडणाऱ्या बोळ्यामागे मान फिरवली होती, अंधुक प्रकाशात डोळासुद्धा हलला नाही. त्याच्या बाहुल्या बऱ्याच मोठ्या होत्या आणि टॉर्चच्या उजेडात डोळे नेहमीपेक्षा जास्त चकाकत होते. काकू म्हणाल्या, "हो, फोटोतसुद्धा हल्ली फार चमकतात."

मी पशुवैद्य नाही, निदान करणं माझं काम नाही. पण कोणत्या डॉक्टरांकडे आणि किती घाईने जायचं, हे सांगता यायला हवं. दृष्टी एकाएकी गेली, डोळा लाल झाला, दुधाळ किंवा निळसर दिसू लागला, कुत्रा डोळा मिटून घेत असेल किंवा पंजाने चोळत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो, ते फार दुखतं आणि उरलेली दृष्टी झपाट्याने जाते. वयस्क कुत्र्यात रक्तदाबामुळे दृष्टिपटल सुटण्याचीही शक्यता असते. मोतीचं तसं काही नव्हतं, सगळं हळूहळू झालं होतं. तरी त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याकडे न्यायला सांगितलं. तिथे दृष्टिपटलाची विद्युत तपासणी झाली आणि कारण कळलं: दृष्टिपटल हळूहळू झिजण्याचा आनुवंशिक आजार. यात बहुतेक वेळा अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या पेशी आधी जातात, उजेडातल्या नंतर. उपचार नाही. बहिरेपणाशी त्याचा संबंधही नाही, एकाच कुत्र्याच्या वाट्याला दोन्ही आलं एवढंच.

घरच्यांच्या लक्षात का आलं नाही? कारण मोतीला घर पाठ होतं. दृष्टी हळूहळू जाते तेव्हा कुत्रा पावलं मोजून फिरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. सोफा हलला आणि पाठ चुकला.

आता खरा प्रश्न होता तो वेळेचा. मोतीला उजेडात अजून दिसत होतं. हाताची खूण त्याला समजते आहे तोवरच तिच्या जागी स्पर्शाची खूण आणता येते. डोळे पूर्ण गेल्यावर कुत्रा शिकत नाही असं नाही, पण मग प्रत्येक गोष्ट शून्यापासून शिकवावी लागते. म्हणून मी काकूंना त्या संध्याकाळीच क्रम करून दाखवला. आधी नवी खूण: शेपटीच्या वर, कमरेवर दोन बोटांचा हलका दाब. क्षणभर थांबायचं. मग जुनी खूण, तळहात वर. तो बसला की खाऊ. क्रम उलटा चालत नाही, आणि दोन्ही एकदम केलेलंही चालत नाही. कुत्रा ओळखीच्या खुणेवर काम करतो आणि नवीकडे त्याचं लक्षच जात नाही. नवी आधी आली, तरच ती पुढे काय येणार याची वर्दी देते. दाब म्हणजे ढकलणं नव्हे, हेही हातात हात घेऊन दाखवावं लागलं. ढकललं तर कुत्रा विरोधात पाय रोवतो.

पुढच्या एका भेटीत ते घडताना दिसलं. काकूंनी कमरेवर बोटं ठेवली, हात उचलायला घेतला, आणि हात वर जायच्या आतच मोतीचं बूड जमिनीला टेकलेलं होतं. काकू हात अर्ध्यात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला अशा क्षणी फार आनंद होतो आणि तो मी लपवत नाही.

स्पर्शाच्या जागा लांब लांब हव्यात. कमरेवर दाब म्हणजे बस, छातीवर सपाट हात म्हणजे थांब, खांद्यावर एक थाप म्हणजे माझ्याकडे वळ. अंगठ्याच्या जागी शाब्बास म्हणून गालावर दोन झटपट थापा, आणि लगेच खाऊ. 'झोप'साठी काकूंनी आधी गळ्याखालची जागा निवडली होती. ती छातीच्या इतकी जवळ होती की मोती थांब म्हटलं की आडवा व्हायचा. ती पुढच्या पंजांवर नेली आणि गोंधळ मिटला.

झोपेतून उठवणं हा वेगळा विषय, आणि नातवामुळे सर्वांत तातडीचा. मोती चिडका नव्हता. न ऐकता, न पाहता एकाएकी अंगावर हात आला की कुणीही दचकेल. पाय आपटून कंप पोचवा असं सांगतात, पण ते लाकडी जमिनीवर ठीक. फरशीखाली काँक्रीट असलं की फारसं काही पोचत नाही. म्हणून आम्ही असा क्रम ठरवला: गादीची कड तळहाताने दोनदा दाबायची, मग हाताची पाठ नाकाजवळ धरायची, त्याने हुंगलं की मगच खांद्यावर हात, आणि लगेच खाऊ. आधी हे तो जागा असताना केलं, मग डुलक्या घेत असताना, मग झोपेत. गादी बोळातून काढून कोपऱ्यात आणली, पाठीला भिंत येईल अशी. नातवाला एकच नियम दिला: मोती गादीवर असताना त्याला हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

घर आम्ही त्याच्या उंचीवरून पाहिलं. मी आणि काकूंचा मुलगा गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोल्या फिरलो. टीपॉयचा कोपरा नेमका त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होता. त्याला फोम चिकटवला. जिन्याला वर आणि खाली फाटक लावलं, आणि फाटकाच्या एक पाऊल आधी खरखरीत पायपुसणं. पाण्याच्या भांड्याखाली रबरी चटई. गुळगुळीत फरशीवर पंजाला रबर लागलं म्हणजे पाणी आलं, खरखरीत लागलं म्हणजे जिना आला. दोन पोतांपेक्षा जास्त केली नाहीत. जागोजागी वेगवेगळं काही अंथरलं की त्यातून अर्थच निघत नाही. सोफा जुन्या जागी परत गेला. खुर्च्या जेवण झालं की टेबलाखाली सरकवायच्या, चपला कपाटात, दारं एकतर सताड उघडी किंवा बंद. अर्धवट उघडं दार सर्वांत वाईट, त्याची कड थेट नाकावर येते. मोतीला उचलून दुसरीकडे न्यायचं नाही, आणि न्यावंच लागलं तर गादीवर किंवा पाण्याच्या चटईवर उतरवायचं, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला पायांतून कळतं.

फिरायच्या वेळाही ठरवून टाकल्या. हार्नेस, खांद्यावर थाप, दार, पायरी, हाच क्रम रोज. पायरी चढायची असली की हनुवटीखाली बोट, उतरायची असली की खांद्यांवर दाब. मोकळं सोडणं बंद झालं, याचं काकूंना सर्वांत वाईट वाटलं. त्याऐवजी मोकळ्या, ओळखीच्या मैदानात लांब दोरी. कंप देणारा पट्टा त्यांनी विकत आणला होता. विजेचा झटका देणारा असता तर मी तो वापरू दिला नसता. हा फक्त थरथरणारा होता. तो 'ये' शिकवायला वापरतात, पण ज्याला दिसतही नाही त्याने कुठे यायचं? म्हणून आम्ही कंप म्हणजे 'जागेवर थांब, मी येते' असं शिकवलं: बारीकसा कंप, मग काकू चालत येणार, नाकाजवळ हात, खाऊ. मोती आता कंप आला की थबकतो आणि नाक वर करून वाट पाहतो. उजेडात त्याला अजून थोडं दिसतं, म्हणून हाताच्या खुणाही चालू आहेत, स्पर्शाच्या मागोमाग.