हिरवा दिवा आणि जळालेली मोटर

गुऱ्हाळाची २० एचपीची मोटर वीस दिवसांत दुसऱ्यांदा माझ्या दुकानात आली, तेव्हा ती खाली उतरवायच्या आधीच मालक म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या भरणीतच काहीतरी खोट आहे." डिसेंबरचा महिना, सीझन ऐन भरात, शेतातून ऊस येऊन पडलेला आणि घाणा बंद. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

पहिल्या वेळी चूक माझ्याकडून झालीच होती. मोटर भरण्यातली नव्हे, बघण्यातली. मी बाजारात गेलो होतो आणि मी परतेपर्यंत पोरानं जळकं वायंडिंग कापून पोत्यात भरून टाकलं होतं. मोटर कशानं जळाली ते त्या जळक्या तारेत लिहिलेलं असतं. ते न वाचताच मी नवी भरून दिली.

या वेळी कव्हर मी स्वतः खोललं. आत बघितलं तर एका फेजचे सगळे गट कोळशासारखे काळे, वार्निश फुगून उडालेलं, आणि त्यांच्या शेजारचे दोन्ही फेज भरले तेव्हा होते तसे तांबूस, चकचकीत. सगळीकडून सारखी काळी झाली असती तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज म्हटलं असतं. बेअरिंग गेलं असतं तर रोटर घासल्याच्या खुणा दिसल्या असत्या. डेल्टात चालणाऱ्या मोटरचा एकच फेज जळतो आणि दोन कोरे राहतात, तेव्हा ती दोन फेजवर चाललेली असते. उरलेल्या दोन लाइनींच्या मध्ये थेट येणारं वायंडिंग जवळजवळ दुप्पट करंट ओढतं, बाकीची दोन एकापुढे एक पडतात म्हणून वाचतात. स्टारच्या मोटरीत हेच उलटं दिसतं, दोन जळतात आणि एक कोरं राहतं.

मी मालकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "फेज गेला असता तर रिलेनं बंद नसती केली? दोन वर्षांपूर्वी बसवलाय. डीपीवरचा फ्यूज गेला की खटकन बंद होतो. मोटर जळाली त्या दिवशी हिरवा दिवा चालू होता, मी डोळ्यांनी बघितलाय."

हे ऐकून मी गप्प बसलो. माणूस खोटं बोलत नव्हता.

मोटर भरून, दोन दिवस वाळवून मी स्वतः ती घेऊन गेलो आणि आल्यापावली चालू करायला नकार दिला. काहिलीत आदण चढलेलं नव्हतं, चुलवाण थंड, गुळव्या बिडी ओढत बसलेला. सगळे माझ्याकडेच बघत होते.

आधी रिले तपासला. मोटर बंद ठेवून मेन ऑफ केला, आर, वाय, बी या तीन फेजपैकी बीचा फ्यूज काढला आणि मेन ऑन केला. रिलेचा हिरवा दिवा लागलाच नाही, लाल लागला. स्टार्टरचं बटण दाबलं तर मोटरीला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर ओढेना, म्हणजे कॉइलच्या सर्किटमध्ये रिलेचा कॉन्टॅक्टही बरोबर घातलेला होता. मालकांचा चेहरा खुलला. "बघा, रिले चांगला आहे."

इथंच बहुतेक जण थांबतात. मीही पूर्वी थांबायचो.

चालत्या मोटरीचा फ्यूज उपटणं हा धंदा मी करत नाही, तोंडावर ठिणगी उडते. म्हणून बी फेजमध्ये तात्पुरता ६३ अँपिअरचा एक पोलचा एमसीबी टाकला आणि मोटर चालू केली. घाणा रिकामाच फिरत होता. मीटर लावून पोराला एमसीबी पाडायला सांगितला. मोटरीच्या आवाजात किंचित खरखर आली, पण ती चालूच राहिली. रिलेवर हिरवा दिवा. मीटरवर आर-वाय ४०८ व्होल्ट, वाय-बी ३७१, बी-आर ३७९.

मालक मीटरमध्ये वाकून बघत होते. "बी फेज तर पाडलाय ना? मग हे ३७१ कुठनं आले?"

मोटरीतूनच आले. फिरता रोटर चुंबकासारखा असतो, आणि ज्या वायंडिंगला बाहेरून करंट मिळत नाही त्यातही तो व्होल्टेज तयार करतो. म्हणजे दोन फेजवर फिरणारी मोटर तिसऱ्या तारेपुरती जनरेटर होते आणि गेलेला फेज स्वतःच भरून काढते. लोड जितका कमी, तितका हा खोटा फेज खऱ्याच्या जवळ जातो. रिले बिचारा व्होल्टेज बघतो. त्याला तिन्ही तारांवर व्होल्टेज दिसलं, म्हणून त्यानं हिरवा दिवा लावला.

मग डीपीवरचा फ्यूज गेल्यावर हाच रिले का पडायचा? कारण तिथून पुढे त्या फेजवर आणखी घरं असतात, दिवे, टीव्ही, पंखे. मोटरीनं तयार केलेलं ते बारकंसं व्होल्टेज एवढा भार पेलू शकत नाही, ते खाली कोसळतं आणि रिलेला कळतं. पण फेज गुऱ्हाळाच्या आतच तुटला, तर पुढे एकटी मोटरच असते. मग हे सोंग बेमालूम वठतं.

त्यानंतर घाण्यात ऊस घालायला सांगितला. व्होल्टेज खाली आलं, वाय-बी ३४८, बी-आर ३५२, आणि रिले तरीही पडला नाही. क्लॅम्प मीटरवर आर आणि वायमध्ये ४५ अँपिअर, बीमध्ये शून्य. वायंडिंगच्या तारा एकेक करून पकडल्या तर एका वायंडिंगमध्ये ३० आणि बाकी दोघांत १५-१५. मोटरीच्या पाटीवर २८ अँपिअर लिहिलेलं होतं, म्हणजे डेल्टात एका वायंडिंगचा वाटा १६. सोळा हवेत तिथं तीस! पुढच्या अर्ध्या मिनिटात मी मोटर बंद केली. नवीन भरलेली, माझ्याच हातची.

आता रिलेकडे नीट बघितलं. त्यावर तीन नॉब होते. एक कमी व्होल्टेजचा, एक तीन फेजमधल्या तफावतीचा आणि एक वेळेचा. पहिले दोन्ही टोकाला फिरवलेले. कमी व्होल्टेज उणे २५ टक्के, म्हणजे ३११ व्होल्टपर्यंत चालवून घे. तफावत १५ टक्के. वेळ मात्र सगळ्यात कमी, अर्धा सेकंद.

रिकाम्या घाण्याचा हिशेब मालकांसमोर सिमेंटच्या पोत्यावर मांडला. ४०८, ३७१ आणि ३७९ यांची सरासरी ३८६. त्यापासून सगळ्यात लांब ४०८, फरक २२, म्हणजे पावणेसहा टक्के. ऊस घातल्यावर तफावत दहा टक्क्यांच्या आसपास गेली. १५ वर लावलेल्या रिलेला दोन्ही वेळा सगळं ठीकच वाटणार.

हे नॉब कोणी फिरवले ते विचारल्यावर जरा वेळ कोणी बोललं नाही. मग कळलं की रिले बसवल्यावर पहिल्या आठवड्यात मोटर चालू करताना तो रोज पडायचा. एका वायरमननं "आता नाही पडणार" म्हणून नॉब फिरवून दिले. चालू होताना मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज दोन-तीन सेकंद ३४० पर्यंत बसतं, आणि अर्ध्या सेकंदावर लावलेला रिले तेवढ्यात पडतो. फिरवायचा होता फक्त वेळेचा नॉब. तोच तेवढा जागेवर राहिला.

करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचीही तीच गत. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो वायंडिंगच्या वाटेवर बसवलेला होता, म्हणजे १६ वर लावायला हवा होता. पाटीवर २८ आहे म्हणून कोणीतरी तो २८ वर लावलेला. तीस अँपिअरला असा ओव्हरलोड तास-दीड तास तरी हलत नाही आणि वायंडिंग तेवढा वेळ थांबत नाही.

राहिला प्रश्न, फेज मुळात तुटतो कुठे. मेन आणि जनरेटरसाठी एक चेंजओव्हर होता. खोलला तर बी फेजचं पातं निळं पडलेलं, कडेला खड्डे. गरम झालं की सुटायचं, थंड झालं की चिकटायचं. मोटर जळाल्यावर प्रत्येक वेळी मालक चेंजओव्हर खालीवर करून टेस्टर लावायचे आणि तिन्ही फेज हजर असायचे.

चेंजओव्हर बदलला आणि तिथं माझीच फजिती झाली. मेन ऑन करताच रिलेवर उलट्या फेजचा लाल दिवा. नवीन चेंजओव्हरला जोडताना मी वाय आणि बी अदलाबदल करून बसलो होतो. पोरगा लगेच रिलेच्या दोन तारा बदलायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर चढला. त्याला तिथंच थांबवला. रिलेच्या तारा बदलल्या की दिवा हिरवा होतो, मोटर मात्र उलटीच फिरणार, आणि पुढे कधी फेज सरळ आला तर रिले त्यालाच उलटा म्हणणार. रोलर उलटे फिरले तर ऊस घालणाऱ्याच्या अंगावर येतो. तारा चेंजओव्हरवरच बदलल्या, पट्टा काढून मोटर एकदा फिरवून दिशा बघितली, मग पट्टा चढवला.

तफावत ५ टक्क्यांवर आणली. संध्याकाळी सात वाजता, गावात सगळे दिवे लागल्यावर मोजलं तर ४०२, ३८९, ३७८ आलं, म्हणजे तीन टक्क्यांच्या जरा वर. त्याच्या खाली जाता येत नव्हतं, आणि वर पावणेसहाला मोटरीचं सोंग सुरू होतं. फट इतकी अरुंद. एमसीबी पाडून पुन्हा बघितलं, आता रिले पडत होता. कमी व्होल्टेज उणे १५ टक्के आणि वेळ ५ सेकंद ठेवली. फेज गेल्यावर पाच सेकंदांनी बंद झाली तर मोटरीला काही होत नाही.

तरी मी मालकांना आणखी एक सिंगल फेज प्रिव्हेंटर घ्यायला लावला, करंट बघणारा, ज्याच्या सीटी, म्हणजे तारेतला करंट मोजणारी कडी, कॉन्टॅक्टरच्या पुढे बसतात. व्होल्टेजचा रिले कॉन्टॅक्टरच्या मागे असतो. उद्या कॉन्टॅक्टरचाच एक पोल जळाला तर मागे तिन्ही फेज शाबूत दिसणार. करंटला मात्र फसवता येत नाही, तार तुटली की शून्य. उलटा फेज त्याला कळत नाही, म्हणून जुना रिलेही ठेवला. खर्च वाढला म्हणून मालक कुरकुरले. मी भरणीच्या बिलाकडे नुसतं बोट दाखवलं.

निघताना पोराकरवी बाजूच्या घरातून नेलपॉलिश आणवलं आणि प्रत्येक नॉबवर एकेक ठिपका दिला.

पंधरा दिवसांनी रात्री अकराला फोन आला. आदण अर्ध्यावर, घाणा बंद, रिलेवर लाल दिवा. "मिस्त्री, तो मधला नॉब जरासा फिरवू का? फक्त आजच्या रात्रीपुरता."

"हात लावू नका, आलो," म्हणून गाडी काढली. डीपीवर वाय फेजच्या फ्यूजची तार वितळून लोंबत होती. वायरमन येऊन बसवून गेला तेव्हा एक वाजला होता, आणि बॅटरी मारून बघितलं तर तिन्ही नॉबवरचं नेलपॉलिश न तडकता जसंच्या तसं होतं.