नऊ मिलिमीटर

19 जुलै, फोंडा. रात्री साडेअकरा

शेजारच्या वहिनीने आज आईला विचारलं, "गणपतीला येतो मगे दादा?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय की." आणि मी, तिची सख्खी मुलगी, आत बसून मनातल्या मनात त्या दोन शब्दांची रुंदी मोजली. साडेसहा मिलिमीटर. बसतात!

तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

एका इटालियन चित्रकथेचं मराठी करतेय. तिचं पान 43 संपादकांकडून तीनदा परत आलं होतं, दरवेळी लाल रंगात तेच: 'बसत नाही'. चित्रात एक म्हातारा उंबऱ्यावर बसलाय. पोलीस विचारतो, मुलगा परत येणार का? म्हातारा म्हणतो, «Boh.» एवढंच. इटालियनमध्ये हा शब्द म्हणजे खांदे उडवणं. 'मला माहीत नाही' असं वाक्य नाही ते. माहीत नाही, आणि माहीत असतं तरी काय फरक पडणार होता, असा सगळा सूर त्या तीन अक्षरांत. त्याचे भाऊबंदही आहेत. «Mah» मध्ये शंका असते, «Beh» बोलणं पुढे ढकलतो. सुरुवातीला मी तिघांनाही 'हं' करून टाकायचे, त्याची लाज वाटते आता.

म्हाताऱ्याच्या बोलण्याचा फुगा नऊ मिलिमीटर रुंद, सहा उंच. सात पॉइंटच्या खाली अक्षर नेता येत नाही, छपाईत मात्रा बुजतात. मी 'कोण जाणे' लिहिलं होतं. एका ओळीत ते साडेआठच्या आसपास जातं. नऊमध्ये साडेआठ मावायला हवं, नाही का? पण फुगा अंडाकार. नऊ मिलिमीटर फक्त ऐन मध्यावर, अक्षराच्या उंचीला वरखाली कडा आत येतात आणि हातात उरतात आठ. दोन ओळी कराव्यात तर उंची पुरत नाही. इटालियन फुग्यात सगळी मोठी अक्षरं, एका उंचीची, ओळीवर ओळ चिकटून बसते. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये हवा सोडावीच लागते. त्यांच्या पाच ओळींच्या जागेत माझ्या चारच बसतात, हे संपादकांना दर महिन्याला नव्याने सांगते. फुगा मोठा करायचा नाही, करारातच आहे. त्याच्या मागे म्हाताऱ्याचा चेहरा आहे.

इटालियनमध्ये फुग्याला फुमेत्तो म्हणतात, धुराचा झोत. अख्ख्या चित्रकथेलाही तेच नाव. धुराला चौकट नसते म्हणे. मला मिळतो तो धूर मात्र मोजून मिळतो. माझं नाव छापतात शेवटच्या पानावर, बारकोडशेजारी, तेही सात पॉइंटात. कोणासाठी करते हे? दादा एकदा म्हणाला होता... जाऊ दे.

आवाजांचं तर विचारूच नका. त्याच पानावर दार आपटतं: «SLAM». हा मुळात इंग्रजी शब्द, पण इटालियन वाचकाला त्यात अर्थ नाही, नुसता आवाज ऐकू येतो. आपल्याकडे दार 'धाडकन' आपटतं. पण 'कन' हा आवाज नव्हे, ते सांगणाऱ्याचं शेपूट. चित्रात ते काढावंच लागतं. काढलं, 'धाड' लिहिलं. संपादकांचा फोन आला, "अहो, पोलीस दारात आहेत आणि तुम्ही धाड लिहिताय. वाचकाला वाटेल, छापा पडला!" हसू आलं, खरं सांगते. शेवटी 'धाड्ड' केलं. मूळ अक्षरं दाराच्या फळ्यांवर हाताने काढलेली, ती पुसायची तर फळ्या पुन्हा रंगवाव्या लागतील. म्हणून ती तशीच ठेवून खाली बारीक अक्षरांत आपला आवाज. दार दोनदा आपटतं बिचारं.

पण बोलत होते 'काय की'बद्दल. हा शब्द मला पहिल्या दिवशीच सुचला होता. फार घरगुती वाटला, वहिनी-आईच्या तोंडचा, म्हणून मीच बाजूला ठेवला. छापील मराठी म्हणजे 'कोण जाणे', असं डोक्यात बसलेलं. आणि आज आईने तो तसाच उच्चारला, तांदळातला खडा काढून टाकावा तसा. त्यात दादाची तीन वर्षं होती. मी त्यात रुंदी पाहिली.

आता वाटतं, पाहिली तर पाहिली. डोळे दुसरं काही करायला शिकलेलेच नाहीत. बाहेर कौलातून बादलीत पाणी गळतंय. रिकामी होती तेव्हा टण् वाजत होतं, मग टप्प, आता भरत आल्यावर डुबुक. तीनही लिहून ठेवले. पान 61 वर नळ आहे.

आईला काही बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. दहा वाजता 'काय की' टाकून पान पाठवलं, पाच मिनिटांत उत्तर आलं: 'बसलं'.

पान 44 वर म्हातारा नुसता बसून आहे. एकही फुगा नाही.